पिशव्यांचे कापड किती घ्यावे?



गटाला ६० कापडी पिशव्यांची ऑर्डर आली, तर मांजरपाट किती मीटर आणायचे? आम्ही गटात हा हिशोब तीन टप्प्यांत करतो. कागद-पेन्सिल घ्या, सोबतच मांडू.

पहिला टप्पा बेताचा. पिशवी १५ इंच रुंद, १६ इंच उंच, तळाशी घडी. म्हणजे पुढची-मागची बाजू एकाच तुकड्याची. दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच माया धरली की तुकडा १६ इंच रुंद होतो. तोंडाशी दुमडायला दोन्हीकडे २-२ इंच धरले की लांबी ३६ इंच. कापडाचा पन्हा ४४ इंच असेल, तर असे दोन तुकडे शेजारी बसतात आणि १२ इंच उरतात. त्यातून बंदांसाठी ४-४ इंचांच्या दोन पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टी मधोमध कापली की दोन पिशव्यांचे चारही बंद झाले. म्हणजे ३६ इंचांत दोन पिशव्या. ६० पिशव्यांना १०८० इंच, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटर.

दुसरा टप्पा आटण्याचा. आधी एकच मीटर कापड आणून रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करून मोजा. ते ९५ सेंटिमीटर भरले, तर कापड ५ टक्के आटते. मग साडेसत्तावीसला ०.९५ ने भागा. उत्तर येते २९ मीटर. पन्हाही मोजा. आपल्याला ४० इंच लागतात, तेवढा तो राहिलाच पाहिजे.

तिसरा टप्पा खराबीचा. ताग्याचे टोक तिरके निघते, मध्ये गाठ किंवा डाग येतो, एखादा तुकडा चुकीचा कापला जातो. यासाठी आम्ही ३ टक्के धरतो. २९ मीटरवर ते पाऊण मीटरहून थोडे जास्त होतात. म्हणून ३० मीटर, एकाच वेळी, शक्यतो एकाच ताग्यातले घ्या. नंतर आणलेल्या कापडाचा रंग जुळेलच असे नाही.

आता भाव. कापड ८० रुपये मीटर धरले, तर साडेसत्तावीस मीटरचे २२०० आणि ३० मीटरचे २४०० रुपये. पिशवीमागे कापडाचा खर्च ४० रुपये धरून भाव सांगा. वरचे २०० रुपये भावात धरले नाहीत, तर ते शिवणाऱ्या बायांच्या मजुरीतून जातात.

एक लक्षात ठेवा. उभ्या चित्रांचे कापड असेल, तर घडीच्या पिशवीत एका बाजूची चित्रे उलटी येतात. तिथे टक्के वाढवून भागत नाही, दोन तुकड्यांचा नवा बेत मांडावा लागतो.

आणि काम संपल्यावर वहीत दोन आकडे लिहा: कापड किती आणले, चांगल्या पिशव्या किती निघाल्या. पुढच्या वेळी ३ टक्के धरायचे की ५, हे तीच वही सांगेल.