फोटोमागे काही नसतं

फोटो दुरुस्तीचं काम करणाऱ्या माणसाला घरातूनच सगळ्यात जास्त फोटो येतात. "जरा एवढं काढून दे ना," असं म्हणत. आज मी अशाच एका फोटोबद्दल बोलणार आहे, कारण माझ्या मावशीला ते समजावताना मला नीट शब्द शोधावे लागले.

फोटो जुन्या मोबाइलवर काढलेला, लग्नाच्या हॉलमधला. बारा माणसं, मध्ये काका. काका आता नाहीत. त्यांचा खळखळून हसतानाचा हा एकच फोटो. मावशीला तो मोठा करून फ्रेम करायचा होता, आणि तिने तीन गोष्टी सांगितल्या. कोपऱ्यातली नारिंगी तारीख काढ. कडेला उभा असलेला अनोळखी माणूस काढ. आणि काकांच्या हनुवटीसमोर कुणाचं तरी ताट आलंय, तेही काढ. शिवाय चेहरा स्पष्ट कर.

मी म्हटलं, "मावशी, आधी एक सांग, भिंतीवरचं पोस्टर फाडलं तर मागे काय दिसतं?" ती म्हणाली, "भिंत." मी म्हटलं, "फोटोत मागे भिंत नसते. ताट काढलं तर तिथे भोक पडतं." आम्ही 'काढणं' म्हणतो ते खरं तर झाकणं असतं. शेजारचा तुकडा उचलून त्या भोकावर लावायचा.

आता कडेचा माणूस. त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाचा पडदा होता, म्हणजे शेजारी भरपूर कापड. तो गेला. तारीख एका बाईंच्या साडीच्या काठावर होती. काठाची नक्षी वर पुन्हा आलेली होती, तिथून घेतली. एवढंच सांभाळायचं की लावलेला तुकडा बाकी फोटोइतकाच धूसर हवा, नाहीतर ठिगळ लगेच दिसतं.

हनुवटीला मात्र शेजार नाही. काकांची हनुवटी त्या फोटोत दुसरीकडे कुठेच नव्हती. मी गाल खाली ओढून हनुवटी काढू शकलो असतो. पण ती माझी हनुवटी झाली असती, काकांची नाही.

मग चेहऱ्याचा प्रश्न. फोटो 640 बाय 480 ठिपक्यांचा होता. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग, रांगोळीसारखा. काकांचा चेहरा मोजला तर रुंदीला 24 ठिपके. माणसाच्या चेहऱ्यात साधारण पाच डोळ्यांची रुंदी मावते, म्हणजे एका डोळ्याला जेमतेम पाच ठिपके. पाच ठिपक्यांत पापणी कुठे आणि सुरकुती कुठे? मावशी म्हणाली, "पण मोठा केला की दिसेल ना?" चौपट मोठा केला की एका ठिपक्याच्या जागी सोळा होतात. पण कॅमेऱ्याने टिपलेली माहिती एकाच ठिपक्याची. बाकीचं सगळं अंदाजाने भरलेलं.

त्यातून हा फोटो अनेक फोनांतून फिरून आलेला. आपल्याकडचे बहुतेक फोटो जेपेगमध्ये साठवले जातात. त्यात फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून बारीक तपशील टाकून देतात. झूम करून पाहा. फरशीसारखे चौकोन दिसले की समजायचं, तपशील गेला. अशा फोटोवर 'शार्पन' दाबलं की आधी ते चौकोनच उठून दिसतात.

"पण त्या ॲपमध्ये चेहरे किती छान होतात," मावशीने दाखवलं. होतात. ते ॲप असंख्य चेहरे पाहून शिकलेलं असतं, आणि या ठिपक्यांत बसेल असा चेहरा ते रचतं. 2020 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या अशाच एका प्रोग्रामला बराक ओबामांचा ठिपक्या-ठिपक्यांचा फोटो दिला, तर त्याने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. मावशीने ॲपमधला काकांचा फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "दात छान आहेत. पण यांचा एक दात पुढे होता रे."

तेव्हा मी दुसरा हिशोब मांडला. 640 ठिपके 18 इंचांवर पसरले तर एका इंचात जेमतेम 35. लांबूनही तुकडे दिसतात. तेच 4 इंचांवर छापले तर इंचाला 160, आणि फोटो टेबलावर ठेवण्याइतका बरा दिसतो. ताटासकट.

आणि मोठ्या फ्रेमसाठी जुना अल्बम उघडायचा. 4 बाय 6 इंचांच्या कागदी फोटोत चेहरा 1 सेंटिमीटरचा असला, तरी 600 डीपीआयवर स्कॅन केल्यावर त्याला रुंदीत 230 हून जास्त ठिपके मिळतात. 24 च्या जवळजवळ दसपट. फक्त प्रिंटचा मोबाइलने फोटो काढून पाठवू नका, चकाकी येते. स्कॅन करा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ठिपके कमी होत नाहीत.