सासर, माहेर आणि अठ्ठाविसावा आठवडा



अध्यक्षपदावरून आज एकाच इंजेक्शनाबद्दल बोलणार आहे. आर-एच निगेटिव्ह गरोदर बाईला आपण अँटी-डी देतो, ते. ते का द्यायचं, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि त्या वाटेवर हे इंजेक्शन कसं हरवतं, याची मला फार काळजी वाटते.

हडपसरची, माहेर लातूरचं असलेली एक पहिलटकरीण डोळ्यांसमोर आणा. रक्तगट ए निगेटिव्ह, नवऱ्याचा ए पॉझिटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह आहे. वारेतून बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात उतरतं, सर्वांत जास्त प्रसूतीच्या वेळी. बाळाच्या लाल पेशींवरचा डी हा घटक आईच्या शरीराला परका असतो. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ सहसा सुखरूप सुटतं. पण शरीर ती ओळख विसरत नाही. पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या वेळी प्रतिपिंडं भराभर वाढतात, वार ओलांडतात आणि बाळाच्या लाल पेशी फोडू लागतात.

संरक्षण न मिळालेल्या अशा शंभर आयांपैकी साधारण सोळा जणींमध्ये पहिल्या बाळंतपणानंतर प्रतिपिंडं तयार होतात. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी देण्याची पद्धत १९६८ पासून रूढ झाली आणि हा आकडा एक-दोनवर आला. उरलेल्या एक-दोघींमध्ये बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत, न कळत झालेल्या बारीक रक्तस्रावाने प्रतिपिंडं तयार झालेली असतात. त्यांच्यासाठी अठ्ठाविसाव्या आठवड्यातला डोस आहे. बाहेरून दिलेली ही प्रतिपिंडं आईच्या रक्तात आलेल्या बाळाच्या पेशींना चिकटतात आणि आईचं शरीर त्यांची दखल घेण्याआधीच त्या बाजूला होतात. हे नेमकं कसं घडतं, याचा शास्त्राला पूर्ण उलगडा अजून झालेला नाही.

आता कॅलेंडर पाहा. अठ्ठाविसावा आठवडा म्हणजे सातवा महिना. म्हणजे ओटीभरण, डोहाळजेवण, आणि मग माहेरची गाडी. पुण्यातला डॉक्टर म्हणतो, आता तिकडचे बघतील. लातूरचा डॉक्टर समजतो, पुण्यात दिलंच असेल.

समजा, आपल्या पहिलटकरणीला पुण्यात आधी इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणीचं रक्त घेऊन, ती निगेटिव्ह आल्यावर ३०० मायक्रोग्रॅम दिलं. साधारण तीन आठवड्यांत त्याचा निम्मा अंश उरतो. बारा आठवड्यांनी, म्हणजे प्रसूतीच्या वेळी, हिशेबाने उरतं सुमारे १९ मायक्रोग्रॅम. एक मिलिलिटर लाल पेशींना साधारण २० लागतात. म्हणजे प्रसूतीच्या रक्तस्रावासाठी तिच्या अंगात जेमतेम एक मिलिलिटरचं संरक्षण आहे. बाळ पॉझिटिव्ह असेल तर दुसरा डोस हवाच.

इथे दुसरा खड्डा आहे. हा उरलेला अंश माहेरच्या तपासणीत दिसतो आणि अहवाल येतो, ‘कूम्ब्स पॉझिटिव्ह’. पुण्याच्या डोसची नोंद हाती नसेल तर वाटतं, हिच्यात प्रतिपिंडं तयार झालीच आहेत, आता अँटी-डीचा उपयोग नाही. आणि जिला ते सर्वांत जास्त हवं, तिचंच राहून जातं. इंजेक्शनामुळे येणारा टायटर सहसा १:४ च्या वर जात नाही. त्याहून जास्त असेल किंवा चढत असेल तर मात्र ती प्रतिपिंडं तिची स्वतःची असण्याची शंका घ्यावी.

निसटलेल्या डोसाचा हिशेब पुढच्या बाळाला चुकवावा लागतो. टायटर १:३२ वर गेला की बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा डॉप्लर सुरू होतो. तिथला वेग त्या आठवड्याच्या मध्यकाच्या दीडपटीपुढे गेला, तर पोटातल्या बाळाला नाळेतून रक्त द्यावं लागतं. जन्माआधी बिलिरुबिन आईचं शरीर काढून टाकतं. जन्मानंतर ते काम बाळाच्या कच्च्या यकृतावर येतं. पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसते. ती आवरली नाही तर बिलिरुबिन मेंदूत शिरतं, आणि वाचलेलं मूल बहिरं किंवा अपंग होऊ शकतं. तीन किलोच्या बाळाचं रक्त बदलायला जवळजवळ अर्धा लिटर रक्त लागतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. माहेरी निघणाऱ्या प्रत्येक निगेटिव्ह बाईच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहा: तिचा आणि नवऱ्याचा रक्तगट, इंजेक्शनाआधीच्या कूम्ब्सचा निकाल, डोस किती व कोणत्या तारखेला दिला. खाली एक ओळ जोडा: ‘बाळाचा रक्तगट नाळेच्या रक्तावरून लगेच तपासावा, पॉझिटिव्ह असल्यास ७२ तासांत दुसरा डोस द्यावा.’ मुदत टळली तरी दहा दिवसांपर्यंत द्यावा, हेही लिहा. गर्भपात झालेल्या बाईसाठीही हाच नियम विचारात घ्या; तिच्या हातात बहुतेकदा फाइलच नसते. आणि तिच्या आईला, जी तिला न्यायला आलेली असते, हे पान उघडून वाचून दाखवा. लातूरच्या दवाखान्यात ती फाइल तीच पुढे करणार आहे.