बाईंचा मेल आणि बासष्टातून अडतीस

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आमच्या बचत गटांच्या बैठकीत महिन्याला एखादा तरी कर्जाचा अर्ज मुलांच्या शिकवणीसाठी असतो. मागे असाच एक अर्ज आला. गटातल्या एका ताईला चौथीतल्या मुलाच्या शिकवणीसाठी तीन हजार रुपये हवे होते. आम्ही विचारलं, शिकवणी कशाची? ती म्हणाली, "तो गणितात ढ आहे, बाईंचा मेल आलाय."

मेल आला होता वडिलांच्या पत्त्यावर. ते रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहेत, म्हणून शाळेच्या अर्जावर त्यांचाच पत्ता दिलेला. त्यांनी पाळी संपल्यावर वरवर वाचला, "मुलगा वजाबाकीत कच्चा आहे" एवढंच घरी सांगितलं आणि मुलाला दोन रट्टे दिले. आईनं तो मेल पाहिलाही नव्हता. आम्ही फोन मागवून घेतला आणि बैठकीत मोठ्यानं वाचला. मुलाचं आणि शाळेचं नाव सोडून मजकूर असा होता :

"नमस्कार. आपल्या मुलाच्या गणिताबद्दल लिहिते. तो पंधरापर्यंतचे पाढे न अडखळता म्हणतो, हातच्याची बेरीज बरोबर करतो आणि शाब्दिक उदाहरण वाचून बेरीज करायची की वजाबाकी ते नेमके सांगतो. अडचण हातच्याच्या वजाबाकीत आहे. सोमवारी दहा वजाबाक्या दिल्या. हातचा न लागणाऱ्या पाचही बरोबर आल्या. हातचा लागणाऱ्या पाचही चुकल्या, आणि एकाच पद्धतीने चुकल्या. 62 वजा 38 चे उत्तर त्याने 36 लिहिले, 71 वजा 45 चे 34. तो वरच्या-खालच्या अंकांत जो मोठा असेल त्यातून लहान वजा करतो. त्यामुळे हा निष्काळजीपणा नाही, एक पायरी समजायची राहिली आहे. पुढचे दोन आठवडे मी रोज दहा मिनिटे त्याला काड्यांचे गठ्ठे सोडून वजाबाकी करायला देईन. घरी आठवड्यातून तीन वेळा, दहाच मिनिटे, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन हाच खेळ खेळावा. घरी तो सुट्या पैशांचा हिशेब कसा करतो आणि फळ्यावरचे नीट दिसत नाही अशी तक्रार करतो का, हे मला कळवा. दोन आठवड्यांनी पुन्हा दहा वजाबाक्या देऊन काय फरक पडला ते लिहीन."

वाचून झाल्यावर त्याची आई गप्पच झाली. मग म्हणाली, "ह्यात ढ कुठं लिहिलंय?"

आता तुम्ही म्हणाल, वडिलांना हे कसं दिसलं नाही? आम्हाला वाटतं, सवयीचा दोष. आपल्या राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात शिक्षकांनी प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या असतात. पण पालकांच्या हाती बहुतेक वेळा येतं ते "सुधारणेस वाव आहे", "अधिक सराव आवश्यक", नाहीतर "लक्ष देत नाही". त्यातून कुठं, किती, कशामुळे, काहीच कळत नाही. मग राग तेवढा उरतो, आणि तो मुलावर निघतो. ह्या मेलमध्ये मात्र चुकलेलं उत्तर जसंच्या तसं लिहिलेलं होतं, म्हणून आम्ही गटात बसून चूक तपासू शकलो.

गटाची पेटी समोरच होती. त्यातून दहाच्या सहा नोटा आणि दोन नाणी काढली. हे झाले बासष्ट. आता ह्यातून अडतीस द्यायचे. दहाच्या तीन नोटा सहज निघतात, पण आठ सुटे कुठून आणायचे? आपल्याकडे दोनच आहेत. मग एक नोट मोडायची. नोटा राहिल्या पाच, नाणी झाली बारा. बारातून आठ गेले, चार उरले. पाच नोटांतून तीन गेल्या, दोन उरल्या. चोवीस. मुलगा इथं काय करतो? दोनातून आठ जात नाहीत म्हणून तो गुपचूप उलटं फिरवतो, आठातून दोन काढतो आणि सहा लिहितो. नोट मोडायची ही एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसलेली नाही. पुस्तकात ह्यालाच दशक सुटा करणं म्हणतात.

मेलला उत्तर द्यायचं ठरलं. आईनं सांगितलं, गटातल्या एका पोरीनं टाईप केलं. लिहिता लिहिता आईला आठवलं, की तो दुधाचे पैसे घेताना कधी चुकत नाही. गिऱ्हाईकानं पन्नासची नोट दिली आणि दूध अडतीसचं झालं, तर तो म्हणतो, "अडतीस, दोन चाळीस, आणि दहा पन्नास", आणि बारा रुपये परत देतो. आम्ही हे तसंच लिहिलं. फळ्याचं मात्र आईला माहीत नव्हतं, तेही तसंच कळवलं. मुलाला रट्टे बसले हे लिहावं की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी आईनंच एक ओळ घातली : "घरी रागावणं झालं, आता होणार नाही."

बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दुधाच्या हिशेबाचं वाचून त्यांना बरं वाटलं होतं. वजाबाकीचा अर्थ मुलाला कळतो, अडतो तो फक्त उभ्या मांडणीत, हे त्यांना त्यातून समजलं. आता त्या त्याला आधी तोंडी उत्तर काढायला लावणार होत्या, मग वहीत मांडायला आणि दोन्ही उत्तरं जुळतात का हे त्यानंच पाहायला. मुलाला स्वतःची चूक स्वतः पकडता यावी, म्हणून. डोळ्यांसाठी, आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येईल तेव्हा त्याला आवर्जून दाखवू, असंही त्यांनी लिहिलं.

एक सांगायला हवं. मेलमध्ये बाईंनी कुठल्या आजाराचं किंवा दोषाचं नाव घेतलं नव्हतं, आणि ते योग्यच केलं. अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे, पण ती आहे की नाही हे तज्ज्ञांच्या तपासणीतून ठरतं, दहा वजाबाक्यांवरून नाही. महिनोन्‌महिने मदत करूनही वाचन, लेखन किंवा आकडे यांत मूल अडतच राहत असेल, तर तपासणीचा विषय काढावा. ह्या मुलाचं तसं नव्हतं.

दोन आठवड्यांनी मेल आला. दोन अंकी पाच वजाबाक्यांपैकी चार बरोबर. पण ज्यांत मध्ये शून्य आहे त्या तीन अंकी सगळ्या चुकल्या. 503 वजा 287 चं उत्तर त्यानं 384 लिहिलं होतं, पुन्हा तीच उलटापालट. इथं दहाची एकही नोट नाही, म्हणून आधी शंभराची मोडायची, तिच्या दहा-दहाच्या दहा नोटा करायच्या आणि त्यातली एक पुन्हा सुटी करायची. म्हणजे चार शंभराच्या, नऊ दहाच्या आणि तेरा नाणी. उत्तर येतं दोनशे सोळा. गटातल्या दोघीतिघींनाही हे पहिल्या फटक्यात जमलं नाही, हे इथं कबूल करतो.

शिकवणीचा अर्ज तिनं मागं घेतला. शाळेच्या अर्जावर आता तिचा मोबाईल नंबर आहे, आणि रात्री जेवणं झाल्यावर वडील शंभराची नोट मोडून देतात.