‘सबब कोणताही लाभ लागू नाही’



असे समजा की, एखाद्या कारखान्याचे नकाशे सात वर्षे काढून देणाऱ्या आरेखकाला एके दिवशी कंपनीचे पत्र येते. करारातील कलमाप्रमाणे तीस दिवसांनी आपले काम संपुष्टात येईल. आपण स्वतंत्र कंत्राटदार असून कंपनीचे नोकर कधीच नव्हता, सबब ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी किंवा रजेचा पगार आपणास लागू नाही. पत्र सभ्य आहे. तथापि त्यातील ‘सबब’ हा शब्द खरा की खोटा, हे पत्रावरून ठरत नाही. मागील सात वर्षांवरून ठरते.

असाच प्रश्न घेऊन १९५६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे धरांगध्रा केमिकल वर्क्सचे प्रकरण आले, ते सौराष्ट्रातील मिठागरांवर राबणाऱ्या अगरियांचे. त्यांना मासिक वेतन नव्हते, पिकलेल्या मिठाच्या मणावर मोबदला मिळे. कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपट नव्हता, मदतीला स्वतःच्या खर्चाने माणसे लावण्याची मुभा होती. कंपनीचे म्हणणे, हे कंत्राटदार आहेत. परंतु वाफा आखून देण्यापासून खाऱ्या पाण्याची घनता तपासून ते वाफ्यात सोडण्याची परवानगी देईपर्यंत आणि तयार मीठ पसंत वा नापसंत करीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीच्या अधिकाऱ्यांची देखरेख होती, आणि अगरिया स्वतःच्या हातांनी राबत होता. न्यायालयाने अगरियांना कामगार मानणारा निवाडा कायम ठेवला. काय करायचे एवढेच न सांगता कसे करायचे हेही सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा त्या विचाराचा गाभा होय. अर्थात ती एकमेव कसोटी नव्हे, कारण कामाच्या स्वरूपाप्रमाणे देखरेखीची मात्रा बदलते.

हीच दृष्टी आपल्या आरेखकाकडे वळवू या. तो आपल्या घरी, आपल्या संगणकावर, इतर गिऱ्हाइकांचीही कामे करीत असेल, नकाशागणिक बिल पाठवीत असेल आणि चुकलेला नकाशा स्वखर्चाने पुन्हा काढून देत असेल, तर कंपनीचे विधान यथार्थ आहे. अशा वेळी ग्रॅच्युइटी मागणे व्यर्थ. मागावयाची ती थकलेली बिले, अर्धवट कामाचा हिशेब आणि करारातील मुदतीची नोटीस. उलट तो रोज दहाला कंपनीच्या टेबलाशी बसत असेल, दुसरे काम घेण्याची त्याला मनाई असेल, रजेसाठी साहेबाची सही लागत असेल, तर बिलावर ‘व्यावसायिक शुल्क’ लिहिल्याने नोकरीचे कंत्राट होत नाही.

कित्येकदा पत्रच स्वतःची साक्ष मोडते. वरच्या परिच्छेदात ‘आपण नोकर नव्हता’ आणि खालच्यात ‘आपली शिल्लक रजा रद्द समजावी’. ज्याला रजा कधी दिलीच नाही, त्याची शिल्लक कोठून आली? म्हणून असे पत्र हाती पडताच सही करण्यापूर्वी करार, बिले आणि रजेचे जुने अर्ज एकत्र मांडावेत. नाते काय होते ते त्या कागदांत अगोदरच लिहिलेले असते.