एक परवलीचा शब्द, हजार खाती

संगणकावरील खात्यांच्या संरक्षणासाठी बहुतेक कचेऱ्यांत एक साधा नियम असतो. परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, ठराविक वेळा चुकला की ते खाते काही काळ बंद होते. समजा, अर्ध्या तासात पाच चुका झाल्या तर अर्धा तास कुलूप, असा हा नियम आहे.

ज्या हल्ल्यासाठी तो घडवला गेला, त्याला ब्रूट फोर्स म्हणतात. चोर एकच खाते निवडतो आणि त्यावर शब्दांमागून शब्द लावून पाहतो. इंग्रजी वर्णमालेतील केवळ लहान आठ अक्षरांचा शब्द घेतला, तरी त्याचे वीस हजार कोटींहून अधिक प्रकार होतात. वरील नियमाखाली त्याला दिवसाकाठी फार तर 240 प्रयत्न मिळतात. सगळे प्रकार संपवण्यास तेवीस लाखांहून अधिक वर्षे लागतील. येथवर पहारा चोख आहे.

परंतु या पहाऱ्यात एक गृहीत दडलेले आहे. चुकांची मोजणी प्रत्येक खात्यापुरती स्वतंत्र होते. पासवर्ड स्प्रेइंग नावाची पद्धत नेमके हेच हेरते आणि उलटा क्रम धरते. शब्द एकच ठेवायचा, खाती बदलायची. दोन हजार कर्मचाऱ्यांच्या कचेरीत `Winter2023!` हा शब्द प्रत्येक खात्यावर एकेकदा लावला, तर दोन हजार प्रयत्न होतात. पण कोणत्याही खात्याच्या नोंदीत एकाहून अधिक चूक दिसत नाही. मग चोर तासभर थांबतो. मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि तो दुसरा शब्द घेतो. कुलूप एकदाही पडत नाही.

एवढ्याने हाती काय लागणार, असे श्रोत्यांस वाटणे साहजिक आहे. समजा, पाचशेंपैकी एकाच माणसाने तो शब्द निवडला आहे. मग दोन हजार खात्यांत सरासरी चार खाती उघडतील, आणि एकही न उघडण्याचा संभव शेकडा दोनांहूनही कमी राहील. चोराला अमुकच माणसाचे खाते नको असते, कोणाचेही चालते.

माणसे एकच शब्द का निवडतात, याचे उत्तर पुष्कळदा कचेरीच्याच नियमांत सापडते. मोठे अक्षर हवे, अंक हवा, चिन्ह हवे, आणि दर नव्वद दिवसांनी शब्द बदलायला हवा, असा दंडक असला की थकलेला माणूस ऋतूचे नाव, चालू वर्ष आणि शेवटी उद्गारचिन्ह लिहून मोकळा होतो. दंडक पाळला जातो आणि शब्द ओळखीचा होतो.

अशा वेळी मर्यादा पाचावरून तीनवर आणावी, असा उपाय वरवर शहाणपणाचा वाटतो. त्याचा उपयोग नाही. चोर प्रत्येक खात्यावर एकच प्रयत्न करीत असतो. कुलूप पडते ते बोट चुकलेल्या प्रामाणिक कर्मचाऱ्यावर.

मग हा हल्ला ओळखावा कसा? विंडोज संगणक प्रत्येक फसलेला प्रवेश 4625 या क्रमांकाच्या नोंदीत टिपतो. तीत खात्याचे नाव असते, प्रयत्न कोठून झाला तो पत्ता असू शकतो. लावलेला शब्द मात्र नसतो, आणि नसावाच, कारण त्या नोंदी वाचणाऱ्याला लोकांचे जवळजवळ बरोबर असलेले शब्द आयतेच मिळाले असते. त्यामुळे हजार चुका एकाच शब्दाच्या आहेत, हे नोंदीवरून वाचता येत नाही. खाते सोडून पत्ता धरावा लागतो: एका पत्त्यावरून तासाभरात किती निरनिराळी खाती चुकली? माणूस स्वतःचे एक खाते चुकतो. तीनशे खाती चुकत नाही.

या मोजणीलाही चकवता येते, हे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अनुभवावरून दिसले. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस, रशियाच्या परराष्ट्र गुप्तचर सेवेशी जोडल्या गेलेल्या ‘मिडनाइट ब्लिझर्ड’ या गटाने तिच्यावर हा प्रयोग केला. त्यांनी मोजक्याच खात्यांवर, मोजकेच प्रयत्न केले. ते सामान्य घरांतील इंटरनेट जोडण्यांच्या अनेक पत्त्यांतून येत असल्याने एका पत्त्यावर संशय साठला नाही. उघडले ते एक जुने, केवळ चाचणीसाठी ठेवलेले खाते. त्यावर परवलीच्या शब्दाखेरीज ओळखीची दुसरी खूण मागितली जात नव्हती. हे खाते स्वतः क्षुल्लक होते; पण त्याच्यामार्गे एका जुन्या चाचणी-प्रणालीपर्यंत पोहोचता आले, आणि तिला कंपनीच्या मुख्य व्यवस्थेत मोठे अधिकार दिलेले राहून गेले होते. तेथून वरिष्ठ अधिकाऱ्यांचा, तसेच सुरक्षा आणि कायदा विभागांतील काहींचा पत्रव्यवहार वाचला गेला. कंपनीला सुगावा लागला तो 12 जानेवारी 2024 रोजी.

म्हणून हल्ली शब्द ठरवतानाच तो सर्वपरिचित शब्दांच्या यादीशी ताडून नाकारण्याकडे कल आहे. अमेरिकेच्या प्रमाणक संस्थेने, ‘निस्ट’ने, 2017 साली अशा यादीची शिफारस केली आणि ठराविक मुदतीने शब्द बदलायला लावू नये, असेही सांगितले. ऋतू आणि वर्ष यांची जोडी मग मुळातच स्वीकारली जात नाही. त्याच्या जोडीला ओळखीची दुसरी खूण असली, तर नेमका शब्द सापडूनही दार उघडत नाही. मात्र ती प्रत्येक खात्याला हवी, विसरलेल्या चाचणी-खात्यालाही.