पहिले चोवीस तास

सेनगाव तालुक्यातली एखादी पहिलटकरीण डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या महिन्यात तिनं उपकेंद्रात नाव नोंदवलं, रक्त तपासलं आणि ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली आहे, म्हणून घरचे म्हणतात, कावीळ कुठंय? हिपॅटायटीस बी असाच वर्षानुवर्षं मुकाट राहतो.

बाळाला लागण होते ती बहुधा बाळंतपणाच्या वेळी, आईच्या रक्तातून आणि स्रावांतून. मोठ्या माणसाला हा आजार झाला तर 100 पैकी 95 जणांचं शरीर तो निपटून टाकतं. नवजात बाळांत मात्र 100 पैकी जवळपास 90 जणांत तो मुक्काम ठोकतो आणि पुढं सिरॉसिस किंवा यकृताचा कॅन्सर घडवू शकतो.

जन्मल्यापासून 24 तासांच्या आत मांडीत अर्धा मिली लस दिली, तर बाळाचं शरीर विषाणूचा जम बसण्याआधी प्रतिपिंडं तयार करू लागतं. त्याला काही दिवस लागतात. तेवढ्यासाठी दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं देतात, शक्यतो 12 तासांत. आईच्या रक्तात विषाणू फार असले तर ही दोन्ही इंजेक्शनंही काही बाळांत अपुरी पडतात. म्हणून विषाणूभार मिलिलिटरला 2 लाख एककांवर असेल, तर 28व्या आठवड्यापासून आईला रोज 300 मिलिग्रॅमची टेनोफोविरची एक गोळी देतात. भार उतरायला काही आठवडे लागतात. नवव्या महिन्यात धावपळ करून तो फायदा मिळत नाही. विषाणूभार मोजायची सोय नसेल तर ‘एचबीईएजी’ ही तपासणी निर्णयाला आधार देते.

अडतं कुठं, ते सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी. आमची पहिलटकरीण सातव्या महिन्यात कळमनुरीकडे माहेरी गेली आणि फाइल सासरी कपाटात राहिली, तर रात्री दोन वाजता प्रसूती करणाऱ्या सिस्टरांना काय कळणार? इम्युनोग्लोब्युलिन ऐनवेळी शोधावं लागतं, आणि तोवर तास निघून जातात. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते अशा बाळांसाठी मोफत आहे. पण ते प्रसूतीच्या ठिकाणी आधी मागवून ठेवायला हवं. म्हणून मातेच्या कार्डावर रिपोर्ट ठळक लिहा, आणि माहेरच्या आशाताईंना आठव्या महिन्यातच सांगा.

दुसरी अडचण लसीच्या कुपीची. एका कुपीत दहा डोस असतात, म्हणून एका बाळासाठी ती फोडायला हात धजत नाही. नीट साठवली तर उघडलेली कुपी 28 दिवस वापरता येते. तेव्हा ‘सोमवारी या’ म्हणण्याचं कारण नाही.

पुढं सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. आईनं अंगावर खुशाल पाजावं. नऊ ते बारा महिन्यांदरम्यान बाळाचं रक्त तपासायचं. त्याआधी तपासलं, तर जन्मताना दिलेली तयार प्रतिपिंडं रक्तात राहून दिशाभूल करतात. विषाणू नाही आणि प्रतिपिंडं पुरेशी, तर बाळ सुटलं. विषाणूही नाही, प्रतिपिंडंही कमी, तर लस पुन्हा द्यायची.