सकाळी माज, संध्याकाळी रेतन

गाय हंबरली की लगेच डॉक्टरांना फोन करायचा, अशी आपल्याकडे सवय आहे. पण हंबरणं ही माजाची नुसती चाहूल असते. खरी खूण म्हणजे दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय हलत नाही, शांत उभी राहते. दावणीला एकटीच गाय असेल तर सोट बघा. निरणातून काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबणारा सोट येतो. दूध थोडं कमी होतं, गाय सारखी लघवी करते. सोट पांढरा, पुवासारखा असेल, तर आधी डॉक्टरांकडून उपचार करून घ्या.

आता वेळेचा हिशोब समजून घेऊ. आमच्या गटातल्या एका ताईंची संकरित गाय दोनदा उलटली होती. माज दिसला की तासाभरात रेतन, असं त्या करत होत्या. तिसऱ्या वेळी सोमवारी संध्याकाळी ६ वाजता गाय माजावर दिसली. गाईचं स्त्रीबीज माज सुरू झाल्यावर साधारण २४ ते ३२ तासांनी सुटतं. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी ६ ते रात्री २ च्या दरम्यान. वीर्य गर्भाशयात साधारण एक दिवस टिकतं, पण ते फळण्याजोगं व्हायला काही तास लागतात. सोमवारी रात्रीच कांडी भरली असती, तर बीज सुटेपर्यंत वीर्याचा जोर संपला असता. बुधवारी सकाळपर्यंत थांबलं असतं, तर बीजच मेलं असतं, कारण ते काही तासच जगतं. म्हणून ताईंनी मंगळवारी सकाळी ८ वाजता रेतन करून घेतलं. या वेळी गाय गाभण राहिली.

नियम सोपा आहे. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पण पहाटे उठल्या उठल्या गाय माजावर दिसली, तर माज रात्रीच सुरू झाला असेल. अशा वेळी दुपारीच बोलवा. हे कळायला रोज पहाटे आणि झोपण्याआधी वीस मिनिटं गोठ्यात शांत उभं राहून बघायचं. धार काढताना किंवा वैरण टाकताना गाईचं लक्ष खाण्याकडे असतं, तेव्हा माज कळत नाही.

कधी शेपटीला रक्त लागलेलं दिसतं. हे रक्त माज संपल्यावर एक-दोन दिवसांनी येतं. तेव्हा रेतन करून उपयोग नाही, पैसे वाया जातात. मात्र ती तारीख कॅलेंडरवर लिहा. माज साधारण २१ दिवसांनी फिरतो, म्हणून रक्त दिसल्यापासून सतराव्या दिवसापासून गाईवर नजर ठेवा.

रेतनाचीही तारीख लिहा. एकविसाव्या दिवसाच्या आसपास माज दिसला नाही, म्हणजे गाय गाभणच आहे असं धरू नका. माज मुकाही असतो. अडीच-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्या. गाय रिकामी निघाली, तर निदान पुढचे महिने फुकट जाणार नाहीत.